जुन्या खतावणीतील बाकी नव्या दप्तरात नेताना

आमच्या बेळगावच्या पेढीचा घाऊक धान्याचा हिशेब आजवर रोजकीर्द व खतावणीतच राहिला. अलीकडील काही वर्षे चिरंजीवांनी त्याच्याच जोडीला संगणकावर एक्सेलचा तक्ता ठेवला होता. १ एप्रिल २०२५ पासून ऑर्डर, बिल व वसुली हे सर्व एकाच सॉफ्टवेअरमध्ये घालावयाचे आम्ही ठरविले. ह्या स्थलांतरात आमच्या हातून जी चूक झाली ती सभासद बंधूंच्या हातून होऊ नये, एवढ्याचसाठी हा लेख.

आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, गिऱ्हाइकाची येणे बाकी एका रकमेने नेऊ नये, बिलवार न्यावी. आम्ही नेमके उलट केले. खानापूर भागातील एका जुन्या किराणा व्यापाऱ्याकडे ३१ मार्चअखेर ८६,४०० रुपये येणे होते. चिरंजीवांनी तेवढा एकच आकडा त्या तारखेने आरंभीची शिल्लक म्हणून चढविला. एकूण येण्याचा मेळ बसला आणि आम्ही निश्चिंत झालो. परंतु सॉफ्टवेअर उधारीचे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजते. त्याच्या लेखी जानेवारीची उधारी ३१ मार्चला जन्मास आली, आणि थकबाकीच्या यादीत त्या गिऱ्हाइकाचे नावच आले नाही.

मग आम्ही खतावणी उघडून बिले काढली. १२ जानेवारीचे ३८,०००, २० फेब्रुवारीचे ४१,४०० व १८ मार्चचे ५२,००० असे एकूण १,३१,४०० रुपये. त्यांतून ५ मार्चला आलेले ४५,००० वजा. ते ४५,००० कोणत्या बिलापोटी, हे वहीत लिहिलेले नव्हते. जुने बिल आधी फिटते ह्या रिवाजाने आम्ही जानेवारीचे बिल पुरे केले व उरलेले ७,००० फेब्रुवारीच्या बिलात वळते केले. उतारा हाती पडताच त्यांचा दूरध्वनी आला.

"शेटजी, जानेवारीचा तांदूळ ओला निघाला, ते दिवाणजींच्या कानांवर घातले होते. त्याची सूट ठरल्याशिवाय ते बिल आम्ही फेडले असे तुम्ही कसे धरता? इतक्या वर्षांचा व्यवहार आपला!"

त्यांचे म्हणणे खरे होते. दिवाणजींना ती गोष्ट ठाऊक होती, वहीला नव्हती. ती रक्कम फेब्रुवारीच्या बिलापोटी होती व वरचे ३,६०० जानेवारीत धरावयाचे होते. त्याप्रमाणे जानेवारीचे ३४,४०० व मार्चचे ५२,००० अशा दोन नोंदी मूळ तारखांनी केल्या. बेरीज तीच, ८६,४००. सूट १,२०० रुपये ठरली. ती आरंभीच्या आकड्यातून गुपचूप न कापता नव्या वर्षात क्रेडिट नोटेने दिली, म्हणजे जुनी वही व नवे दप्तर ह्यांचा मेळ कायम राहिला. तात्पर्य, रक्कम कशापोटी आली हे माहीत नसेल तर ती खात्यावर जमा म्हणून मोकळी ठेवावी आणि बिलांची यादी गिऱ्हाइकाकडे पाठवून त्याची संमती मिळाल्यावरच वळती करावी.

अपुऱ्या ऑर्डरींचेही असेच. त्याच व्यापाऱ्याची शंभर पोती तांदळाची ऑर्डर होती. साठ पोती मार्चमध्येच जाऊन त्यांचे बिल झाले होते. नव्या दप्तरात उरलेली चाळीसच पोती, जुन्या ठरलेल्या भावाने व शेऱ्यात जुना ऑर्डर क्रमांक देऊन लिहावीत. शंभर लिहून साठ पाठविल्याची नोंद केली, तर गोदामातील साठा दुसऱ्यांदा कमी होतो आणि येणेही दुसऱ्यांदा उभे राहते.

मेळ न बसल्यास प्रथम फरक पाहावा. आमचा फरक ३०,००० निघाला. त्याची निमपट १५,००० होते. ह्याच रकमेचे एक आगाऊ जमा खाते नावेच्या बाजूला चढले होते. बाजू चुकली की फरक दुप्पट दिसतो, ही दिवाणजींची जुनी खूण संगणकावरही खरी ठरली. एक्सेलच्या तारखाही तपासाव्यात. संगणकाची मांडणी महिना आधी अशी असेल तर ५ मार्च लिहिलेले ३ मे होते. आरंभीच्या बिलांत ३१ मार्चनंतरची एकही तारीख दिसली, तर ती यादी परत करावी.

एकूण येणे जुळले म्हणजे काम संपले असे आम्ही समजलो होतो. वस्तुतः प्रत्येक गिऱ्हाइकाचे प्रत्येक बिल त्याच्या स्वतःच्या वहीशी जुळले, तेव्हाच ते संपते. आमची जुनी खतावणी म्हणूनच अद्याप गादीजवळच्या कपाटात हाताशी ठेवली आहे.