नशीबवान की जाणकार?

इंग्लंडमध्ये पैजा कायदेशीर आहेत, त्यामुळे प्रीमियर लीगच्या एकेका सामन्यावर कितीतरी बुकमेकर आपापले भाव लावून बसलेले असतात. समजा, शुक्रवारी यजमान संघाच्या विजयाला एकाकडे २.०० भाव आहे आणि दुसऱ्याकडे २.१०. शंभर पौंड लावून संघ जिंकला, तर मुद्दलासह पहिल्याकडे २०० मिळतील, दुसऱ्याकडे २१०. चार ठिकाणी विचारून चढा भाव पकडणे, हेच लाइन शॉपिंग. फरक किरकोळ वाटतो, पण २.०० भावाने तोटा टाळायला शंभरांतल्या ५० पैजा जिंकाव्या लागतात, २.१० ला ४८ पुरतात.

आता शनिवारी सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव पाहू. तोवर संघ जाहीर झालेले असतात, जायबंदी कोण ते कळलेले असते आणि बड्या खेळींचे पैसे येऊन गेलेले असतात. म्हणून मोठ्या रकमा स्वीकारणाऱ्या पिनॅकलसारख्या बुकमेकरचा हा भाव सहसा सर्वांत अचूक अंदाज मानतात. समजा, तो यजमानांना १.९५, बरोबरीला ३.६० आणि पाहुण्यांना ४.१० असा निघाला.

दोन्ही भाव १.९५ पेक्षा चढे, म्हणून दोन्ही पैजा चांगल्या, असे वाटेल. इथेच अनेकजण फसतात. तिन्ही भावांवरून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज १०३.५ टक्के येते. वरचे साडेतीन म्हणजे बुकमेकरची कमाई. ती वजा केली की यजमानांची खरी शक्यता ४९.६ टक्के आणि रास्त भाव सुमारे २.०२ ठरतो. म्हणजे २.१० वाला शंभर पौंडांमागे सरासरी चार पौंड फायद्यात, तर २.०० वाला जवळजवळ एक पौंड तोट्यात. सामना कोणी जिंकला, याचा या हिशेबाशी संबंध नाही.

मग सरळ नफाच का मोजू नये? कारण दुप्पट भावाच्या हजार पैजा निव्वळ नाणे उडवून लावल्या, तरी चारांतल्या एकाला दोन टक्के किंवा जास्त नफा दिसू शकतो. शेवटच्या भावाशी तुलना केली की काही शे पैजांतच कल दिसू लागतो.

अर्थात, कसोटी मोठ्या बाजारापुरतीच. खालच्या लीगमध्ये थोड्या पैशांनीही भाव हलतो. तिथे शेवटचा भावही चुकीचा असू शकतो. शिवाय चार टक्क्यांची ही आघाडी फुटबॉलच्या ज्ञानातून आली, की एका बुकमेकरने भाव बदलायला उशीर केला म्हणून, हे ती सांगत नाही. माझ्या मते बहुतेकांची आघाडी दुसऱ्याच प्रकारची असते. बुकमेकरही हेच गणित ठेवतात. सतत शेवटच्या भावाच्या वर पैज लावणारा ग्राहक अजून तोट्यात असला, तरी कित्येकदा त्याची मर्यादा काही पौंडांवर आणली जाते.