आठ दिवस की सहा?

नवरा-बायकोचं भांडण लिहिणं सोपं असतं. ते ऐकताना 'यांचं एकमेकांवाचून पान हलत नाही' असं प्रेक्षकाला वाटायला लावणं अवघड. मराठीत ही कसोटी सगळ्यात कडक होती ती रेडिओवर. आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. तिथे डोळा मारायची सोय नव्हती, गालातल्या गालात हसणंही ऐकू जात नव्हतं. कुरकुरीतली माया शब्दांतून आणि आवाजातूनच पोचवावी लागे.

आता रंगमंचासाठी एक प्रसंग लिहून पाहू. दिवाळीची पहाट आहे. डोंबिवली पूर्वेचं साठीतलं जोडपं गणपतीच्या दर्शनाला आणि फडके रोडच्या गर्दीत फेरफटका मारायला निघालं आहे. नवशिक्याचा पहिला खर्डा बहुधा असा असतो :

ती : तुम्हाला माझी काळजीच नाही.
तो : आणि तुझी सारखी कटकट!
ती : लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

हे संवाद कुठल्याही जोडप्याचे असू शकतात, कौटुंबिक न्यायालयातल्यासुद्धा. 'काळजी', 'कटकट', 'लग्न' हे सगळे मोठे विषय आहेत. मोठ्या विषयावरचं भांडण खरं वाटतं आणि प्रेक्षक अवघडून बसतो. म्हणून विषय लहान हवा आणि त्यातला तपशील फक्त या दोघांनाच ठाऊक असलेला हवा. दुसरा खर्डा :

ती : अहो, स्वेटर घाला.
तो : डोंबिवलीत कसली थंडी?
ती : मागच्या दिवाळीत हेच म्हणालात. मग आठ दिवस खोकत होतात.
तो : सहा.
ती : तुम्ही झोपला होतात. मोजत होते मी.
तो : (स्वेटर घालत) घालतो, पण पटलेलं नाही. तुझी शाल?
ती : मला नाही लागत.
तो : टाकलीय पिशवीत.

इथे प्रेमाचा शब्द एकही नाही. 'सहा' या उत्तरात तो फक्त हुज्जत घालतो, पण त्यामुळेच तिच्या तोंडून रात्रभरच्या जागरणाची गोष्ट निसटते. तिने ती सरळ 'मी तुमच्यासाठी जागले' अशी सांगितली असती, तर तो उपकार झाला असता. आकडा दुरुस्त करण्याच्या ओघात सांगितल्यामुळे ती तक्रार राहते आणि तक्रारीआडची माया प्रेक्षक स्वतः शोधून काढतो. शालीचंही तसंच. वाद सुरू होण्याआधीच त्याने ती पिशवीत ठेवली होती, म्हणजे तोंडाने तो हरत असताना हाताने बरोबरी साधून बसला होता. दर वेळी बायकोच जिंकली तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रसंगानंतर नवरा बावळट ठरतो आणि जोडीतला तोल जातो.

आता वाक्यरचनेकडे पाहू. मराठी वाक्य सहसा क्रियापदावर संपतं, त्यामुळे हशाचा शब्द मध्येच अडकतो. 'मी मोजत होते' असं लिहिलं तर 'मी' आधीच खर्ची पडतो. 'मोजत होते मी' असं लिहिलं की 'तुम्ही झोपला होतात'ची टक्कर शेवटच्या अक्षरावर होते. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात प्रयोग रंगला, तर हशा याच जागी येणार आणि पुढच्या वाक्याची सुरुवात त्यात बुडणार. म्हणून त्यानंतर लगेच महत्त्वाची माहिती ठेवायची नाही. 'घालतो, पण पटलेलं नाही' हे वाक्य अर्धंमुर्धं ऐकू आलं तरी बिघडत नाही, कारण स्वेटर घालताना तो दिसतोच. शाल मात्र नीट ऐकू यायला हवी, म्हणून ती त्यानंतर येते.

नातं किती घट्ट आहे हे तपासायचं असेल, तर तिसरा माणूस आत आणावा. जिन्यात शेजारी भेटतो :

शेजारी : काकू, काका भलतेच हट्टी हं!
ती : हट्टी नाहीत हो. विचारपूर्वक उशीर करतात.

घरात ज्या स्वभावावर ती तोंडसुख घेत होती, त्याचीच आता ती वकिली करते. नवऱ्याला बोलायचा हक्क तिचा एकटीचा आहे, हे त्या एका वाक्यात कळतं. हा तिसरा माणूस जोडप्याइतकाच घरातला असेल, तर असे प्रसंग पुन्हा पुन्हा लिहिता येतात. टेकाडे भावजींसारखं पात्र लेखकाला त्यासाठीच सोयीचं.

काही विषय मात्र कुंपणापलीकडचे ठेवावेत : मूल नसणं, गेलेले आईवडील, गमावलेली नोकरी. खोकल्याऐवजी तिने त्याच्या बुडालेल्या धंद्याचा हिशेब काढला असता, तर शब्द तितकेच चटपटीत असूनही सभागृह गप्प झालं असतं. तालमीत हे लगेच ओळखू येतं. टोमणा लागला की समोरचा नट उत्तर द्यायला नकळत थबकतो. लाडिक भांडणात तो उलट आधीचं वाक्य संपायच्या आत तोंड उघडतो, कारण त्या पात्राला पुढे काय येणार हे पाठ असतं.

शेवटी कागदावरची पात्रांची नावं झाकून संवाद मोठ्याने वाचावेत. कोणाचं वाक्य कोणतं हे तरीही कळलं, तर पात्रं उभी राहिली. आणि दोघांची वाक्यं अदलाबदल करूनही खपली, तर स्वेटर-शालीपासून पुन्हा लिहायला बसावं.