दिलगिरी व्यक्त करताना तारीख सांगा

फेब्रुवारी २००७ मध्ये बर्फाळ वादळामुळे जेटब्लूचे प्रवासी न्यूयॉर्कच्या विमानतळावर तासन्‌तास विमानातच अडकले. कंपनीचे प्रमुख डेव्हिड नीलमन यांनी यूट्यूबवर स्वतः माफी मागितली. वादळाच्या आड न लपता पुढे काय बदलणार, तेही त्यांनी सांगितलं.

घरगुती फराळ विकणाऱ्या छोट्या ब्रँडलाही हाच मार्ग धरता येतो. समजा, दिवाळीआधी पोहोचायचे डबे भाऊबीज उलटली तरी वाटेतच आहेत. व्हिडिओत मालकीणबाईंनीच बोलावं आणि पहिल्याच वाक्यात चूक मान्य करावी: “तुमचा फराळ दिवाळीत पोहोचला नाही. आमच्या हातून होतील त्यापेक्षा जास्त ऑर्डर आम्ही घेतल्या.”

इथे ‘कुरियरवाल्यांनी घोळ घातला’ हे वाक्य हमखास तोंडात येतं. ते गाळावं, कुरियर ग्राहकाने निवडलेला नसतो. ‘गैरसोय झाली असल्यास क्षमस्व’ यातलं ‘असल्यास’ तर फारच बोचतं, कारण पाहुण्यांपुढे रिकामी ताटली ठेवण्याची वेळ आलेली असते.

पुढची वाक्यं कामाची हवीत: “उरलेले सगळे डबे शुक्रवारपर्यंत निघतील. नको असेल तर आजच कळवा, पूर्ण पैसे परत करू. पुढच्या वर्षी ऑर्डर ठरावीक संख्येवर बंद करू.” शुक्रवार म्हणण्याआधी पॅकिंग करणाऱ्यांना विचारून घ्यावं, कारण दुसऱ्यांदा चुकलेली तारीख पहिलीपेक्षा महागात पडते. पुढच्या मोसमाची सवलत इथे देऊ नये, ती जाहिरातच वाटते.

व्हिडिओ टाकण्याआधी मात्र अडकलेल्या प्रत्येक ग्राहकाला वेगळा संदेश गेलेला असावा.