शहर, इमारत, फाटक

नीटच्या परीक्षेत विद्यार्थ्याच्या हाती दोन कागद येतात आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. आधी येते ती परीक्षेच्या शहराची सूचना-चिठ्ठी. तिच्यावर नुसतं ‘यवतमाळ’ असतं, इमारत नसते. इमारतीचं नाव, पत्ता आणि केंद्र क्रमांक कळतो तो परीक्षेच्या तोंडावर निघणाऱ्या प्रवेशपत्रावर. एमपीएससीतही तसंच: यवतमाळ हे जिल्हा केंद्र, आणि प्रत्यक्ष शाळा-कॉलेज म्हणजे उपकेंद्र. ‘सेंटर यवतमाळच आलं’ म्हणून निश्चिंत झालेल्या घराने अजून पत्ता वाचलेलाच नसतो.

घाटंजी तालुक्यातली माझी भाची परीक्षेच्या आदल्या दुपारी एसटीने आली. प्रवेशपत्र टेबलावर ठेवून आम्ही पत्ता शब्द न् शब्द वाचला. यवतमाळात पहिल्या दोन शब्दांवर भागत नाही. जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज लोहारा एमआयडीसीकडे आहे आणि त्यांच्याच नावाची इंग्रजी माध्यमाची शाळा वेगळ्या ठिकाणी. अमोलकचंद म्हटलं तर एक महाविद्यालय आणि दुसरं विधी महाविद्यालय. ऑटोवाल्याला नुसतं ‘दर्डा’ सांगितलं की तोच विचारतो, कोणतं? पिनकोडचाही उपयोग नाही. 445001 हा शहराच्या मोठ्या भागाला एकच. म्हणून ‘विद्यालय’ की ‘महाविद्यालय’, ‘कनिष्ठ’ की ‘वरिष्ठ’, आणि रस्त्याचं नाव, एवढं नीट पाहायचं.

तिचं केंद्र एका संस्थेच्या आवारात होतं. शाळा, ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज, तिन्ही एकाच मैदानाभोवती. आदल्या दिवशीच ते पाहायला निघालो, तेव्हा मोबाईलच्या नकाशाने आम्हाला सीनिअर कॉलेजच्या मोठ्या कमानीपाशी आणून सोडलं. कमानीवरचं नाव प्रवेशपत्राशी जवळपास जुळत होतं, फक्त ‘कनिष्ठ’ हा शब्द नव्हता. नकाशावरची खूण बहुधा संस्थेच्या कार्यालयावर किंवा दर्शनी बाजूवर असते. पेपर कोणत्या इमारतीत आहे हे तिला ठाऊक नसतं.

वॉचमनला भाचीने विचारलं, “काका, उद्या नीट इथंच आहे ना?” तो म्हणाला, “इथंच हाय जी.” बरेच पालक एवढं ऐकून परत फिरतात. पण संस्थेच्या माणसाला सगळं आवार ‘इथंच’ असतं. मग तिने केंद्र क्रमांक दाखवून विचारलं, “हा नंबर कोणत्या बिल्डिंगचा? आणि पोरांना कोणत्या गेटातून घेणार?” त्याने कागद हातात घेतला, आतल्या शिक्षकाला हाक मारली आणि सांगितलं, “हे गेट उद्या बंद राहीन. मांगून फिरून या, ज्युनिअरच्या बाजूनं.” एका आवारात दोन वेगळी केंद्रं असू शकतात, तेव्हा नावापेक्षा क्रमांकच कामी येतो.

मुख्य फाटक बंद ठेवण्याला कारण आहे. नीटला प्रत्येकाची झडती, ओळखपत्राची तपासणी आणि बायोमेट्रिक हजेरी होते. ही रांग एकाच बाजूने घेतली तरच सांभाळता येते. चालत मागच्या फाटकापर्यंत जायला मैदानाला पूर्ण वळसा पडला. 2025 साली पेपर दुपारी 2 ला होता आणि फाटक दीडला बंद होणार होतं. मे महिन्यातल्या यवतमाळच्या उन्हात 1 वाजून 25 मिनिटांनी चुकीच्या कमानीपाशी उतरणाऱ्याला हा वळसा वर्षभराचा पडू शकतो.

आदल्या दिवशीच्या या फेरीला मर्यादाही आहेत. खोली कळत नाही, आत सोडत नाहीत. बैठक व्यवस्थेचा तक्ता नंतर लागतो. आणि पत्ताच चुकीचा छापला असेल तर फेरी मारूनही तो दुरुस्त होत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड भरतीत प्रवेशपत्रांवरच्या केंद्रांचा घोळ एवढा झाला, की 25 आणि 26 तारखेची परीक्षा ऐनवेळी पुढे ढकलावी लागली. छापलेल्या पत्त्यावर तशी इमारतच सापडली नाही, किंवा तिथले लोक ‘आमच्याकडे परीक्षा नाही’ म्हणाले, तर शेजारच्या शाळेत अंदाज घेत फिरू नये. प्रवेशपत्रावरच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करावा आणि संकेतस्थळावरून प्रवेशपत्र पुन्हा काढून पाहावं. सुधारित निघालं असेल तर केंद्र क्रमांकही बदललेला असू शकतो.

भाचीने प्रवेशपत्रावर काही लिहिलं नाही. वेगळ्या चिठ्ठीवर केंद्र क्रमांक, ‘ज्युनिअरची इमारत, मागचं गेट’ आणि ऑटोवाल्याला सांगायची खूण लिहिली, आणि त्या चिठ्ठीचा फोटो सकाळी सोडायला येणाऱ्या वडिलांना पाठवला. रस्ता तिने पाहिला होता, गाडी ते चालवणार होते.