बॅटरी बदला, दिवा जगेल

माझ्या आत्याचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन टेकड्या आत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. त्यानंतर आत्याने पहिली खरेदी केली ती चार्जिंगच्या कंदिलाची. वर हातात धरायची कडी, पुढे एलईडीची पट्टी आणि पोटात जड बॅटरी. पहिली तीन वर्षं दिवा रात्रभर साथ द्यायचा. यंदा वैशाखात मी गेलो तेव्हा तो माळ्यावर पडलेला होता. "अरे, रात्रभर चार्जिंगला लावला तरी दोन मिनिटांत डोळे मिटतो. भंगारवाल्याला द्यायचाय," आत्या म्हणाली.

असे दिवे घरोघरी असतात. त्यातल्या बहुतेकांत एलईडी शाबूत असते, सर्किट शाबूत असतं, मेलेली असते ती फक्त बॅटरी. पण नवी बॅटरी आणण्याआधी ती खात्री करून घ्यायला हवी, आणि ते पाचशे रुपयांच्या आतल्या मल्टिमीटरने होतं.

काम सुरू करण्याआधी प्लग काढायचा, आणि दिवा उघडा असेपर्यंत तो पुन्हा लावायचा नाही. हे नुसतं सावधगिरीचं वाक्य नाही. हलक्या, स्वस्त दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कपॅसिटरमधून घरची 230 व्होल्टची वीज थेट आत घेतलेली असते. अशा दिव्याचा प्लग लावलेला असताना बॅटरीच्या टोकांना हात लागला, तर तो विजेच्या तारेला लागल्यासारखाच. शिवाय अशा दिव्यात बॅटरीच व्होल्टेज आवरून धरते. ती काढून प्लग लावला तर व्होल्टेज उसळतं आणि एलईडी जळू शकते. प्लग काढल्यावरही चारपाच मिनिटं थांबायचं, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते.

आत्याच्या दिव्याचे मागचे सहा स्क्रू काढले. आत करड्या प्लास्टिकची चौकोनी बॅटरी होती, विटेच्या तुकड्याएवढी, वर लिहिलेलं: 6V 4.5Ah. ही बंद शिसे-आम्लाची बॅटरी. मोटारीच्या बॅटरीचीच लहान बहीण, फक्त आतलं आम्ल काचतंतूंच्या पॅडमध्ये शोषलेलं असतं, त्यामुळे ती आडवी केली तरी सांडत नाही. आत 2 व्होल्टचे तीन सेल एकामागे एक जोडलेले असतात. लहान दिव्यांत दोनच सेल असतात, म्हणून त्यांच्यावर 4V लिहिलेलं दिसतं.

मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून लाल टोक लाल तारेवर, काळं टोक काळ्या तारेवर ठेवलं. आदल्या रात्रभर चार्जिंग झालेलं होतं. आकडा आला 6.5. आत्या खांद्यावरून बघत होती. "सहावर आहे म्हणजे भरलेली आहे ना रे?"

नेमकी इथेच फसगत होते, कारण मोकळ्या बॅटरीचं व्होल्टेज तिची ताकद सांगत नाही. मी मीटर तसाच धरून दिव्याचं बटण दाबलं. 6.5 वरून आकडा 5.6 वर आला, मग 4.9, आणि मिनिटभरात 4 च्याही खाली. दिवा मावळला. बटण बंद करताच आकडा पुन्हा 6 कडे चढू लागला. धडधाकट बॅटरी असती तर दिवा लावल्यावर आकडा जरासा उतरून बराच वेळ 6 च्या वर टिकला असता. ही बॅटरी म्हणजे गाळाने भरलेली विहीर. वरून पाणी काठोकाठ दिसतं, पण चार कळशा काढल्या की तळ लागतो.

तो गाळ कुठून आला हेही पाहण्यासारखं आहे. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या शिशाच्या पाट्यांवर लेड सल्फेट नावाचा पदार्थ बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळून परत मूळ रूपात जातो. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की त्याचे बारीक कण जुळून मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि पाट्यांवर कवच चढतं. ते मग चार्जरने निघत नाही. बॅटरी वापरली नाही तरी दर महिन्याला साधारण तीन टक्के आपोआप उतरते आणि उकाड्यात त्याहून जास्त. आत्याचा दिवा गणपतीनंतर माळ्यावर जायचा तो थेट पुढच्या मिरगाला खाली यायचा, आणि शेवटच्या वापरानंतर तो बहुधा उतरलेलाच वर ठेवला जायचा. आठ महिने उपाशी राहिलेली बॅटरी किती वर्षं टिकणार?

दुसरा रोग याच्या उलटा. काही घरांत दिवा बारा महिने प्लगलाच असतो. चार्जर भरल्यावर थांबणारा नसेल तर आतलं पाणी हळूहळू वायू होऊन निघून जातं, पॅड सुकतात, बॅटरीच्या भिंती फुगतात. फुगलेली बॅटरी मीटर न लावताच बाद समजावी. अशा सुकलेल्या बॅटरीचं वरचं झाकण उचकटून, रबरी टोप्या काढून डिस्टिल्ड वॉटर घालणारे लोक आहेत. तिने कधी दोनचार महिने चालतात, पण हातात आम्ल, घरात मुलं आणि पुन्हा तीच रड. माझ्या मते तो खटाटोप करू नये.

चार्जर बरा आहे का, हे प्लग न लावता कसं कळणार? दिवा बंद करून, प्लग काढलेला असताना व्होल्टेज मोजायचं. झाकण पुरतं बसवून तासभर चार्ज करायचं. प्लग काढून, थोडं थांबून, पुन्हा उघडून मोजायचं. आकडा चढला असेल तर चार्जर काम करतो. चार्जिंगचा लाल दिवाही लागत नसेल आणि आकडाही हलत नसेल, तर दोष वायर, फ्यूज किंवा सर्किटचा आहे. तिथे नवी बॅटरी घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आत्याच्या दिव्यात आकडा चढत होता.

बॅटरी आणायला दापोलीच्या बाजारात गेलो. घेताना तीन गोष्टी जुळवायच्या: व्होल्ट तेच, मापं तीच, जात तीच. अँपिअर-तास थोडे जास्त चालतात, बॅटरी खोबणीत बसली तर. मात्र चार्जर तोच असल्याने भरायला वेळ जास्त लागतो. जातीच्या बाबतीत अजिबात तडजोड नको. 4 व्होल्टच्या दिव्यात 3.7 व्होल्टचा लिथियम सेल बसवून "हलका झाला आणि जास्त चालतो" म्हणणारे भेटतात. शिसे-आम्लाच्या 4 व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर 4.5 व्होल्टच्या पलीकडेही जातो, आणि लिथियम सेलची मर्यादा 4.2. तो सेल जास्त भरून तापतो आणि पेटू शकतो. उलट, ज्या दिव्यात किंवा इन्व्हर्टर बल्बमध्ये मुळातच लिथियम सेल आहे, तिथे लिथियमच हवा.

दुकानदाराला मी आधी मीटर लावू द्या म्हटलं. पहिली बॅटरी 5.8 दाखवत होती. फडताळावर पडून पडून उतरलेली, म्हणजे तिच्यात गाळ बसायला सुरुवात झालेलीच. ती परत केली. दुसरी 6.4 होती, ती घेतली. साडेचारशे रुपये पडले. दुकानात मीटर लावायला लाजू नये, ही बॅटरी कोऱ्या डब्यातही म्हातारी होते.

बसवणं सोपं होतं. मोठ्या बॅटरीच्या टोकांना पत्र्याची थिंबल असतात, ओढली की निघतात. आधी काळी तार काढली, मग लाल. नवीवर आधी लाल, मग काळी. तारा उलट जोडल्या तर सर्किट क्षणात जळतं, म्हणून काढण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवला. लाल आणि काळं टोक कोणत्याही धातूने, स्क्रूड्रायव्हरनेसुद्धा, एकमेकांना भिडवायचं नाही. थिंबलवर पांढरी भुकटी जमली होती, ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून कोरडी केली. लहान 4 व्होल्टच्या बॅटरीला तारा सोल्डर केलेल्या असतात. तिथे तापलेली इस्त्री दोनतीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली तर प्लास्टिक वितळून टोक ढिलं होतं. ते जमत नसेल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावं.

झाकण लावून दिवा चार्जिंगला लावला. चार्जर साधारण 300 मिलिअँपिअरचा होता. 4.5 ला 0.3 ने भागलं की पंधरा तास येतात, पण भरताना काही वीज वाया जाते, म्हणून आम्ही वीस तास ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता देवापुढे निरांजन लागलं तेव्हा दिवाही लावला. एलईडी सुमारे अर्धा अँपिअर घेते, म्हणजे सात-आठ तास अपेक्षित. मी जागा राहिलो. रात्री दोन वाजता उजेड मंद होऊ लागला तेव्हा बटण बंद केलं. पूर्ण विझेपर्यंत बॅटरी पिळून काढली की पुढच्या वेळी ती कमीच देते. लगेच पुन्हा चार्जिंगला लावला.

जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकायची नाही. तिच्यात शिसं आणि गंधकाम्ल आहे. भंगारात कोणी ती फोडली तर आम्ल गटारात आणि शिसं मातीत जातं, आणि विहिरी तिथून लांब नसतात. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी जमा करायची असते. आम्ही ती त्याच दुकानात दिली. त्याने वजन करून नव्या बॅटरीच्या किमतीतून काही रुपये परत केले.

नव्या बॅटरीवर मी मार्करने महिना आणि वर्ष लिहिलं. दिवा आता माळ्यावर नाही, पडवीच्या दाराशी खिळ्यावर आहे. आत्याने दर अमावस्येला तो चार्जिंगला लावायचं ठरवलंय, लाइट गेलेली असो वा नसो. तुमच्या घरचा दिवा कुठे आहे ते पाहा, आणि पहिला पाऊस येण्याआधी तो एकदा दहा मिनिटं लावून बघा.