विरामातला धडा : भाषा शिकवणाऱ्या व्हिडिओची संहिता

भाषा शिकवणारे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेले असतात. निवेदक एक वाक्य म्हणतो, ते पुन्हा म्हणतो, पडद्यावर अर्थ येतो, मग थोडी शांतता असते आणि त्या शांततेत आपण बोलायचं असतं. दिसायला हे अगदी सोपं दिसतं. पण असे वीस व्हिडिओ पाहूनही तोंडातून वाक्य निघत नाही, असं पुष्कळांचं होतं. ते का होतं, आणि संहिता लिहितानाच ते कसं टाळता येतं, एवढाच आजचा विषय आहे.

त्यासाठी आपण एकच वाक्य घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडायचं नाही. शिकणारी व्यक्ती हिंदी बोलणारी आहे, महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून नव्यानं आलेली. तिला रुग्णाला विचारायचं आहे : ‘तुम्ही जेवणानंतर गोळी घेतली का?’ (‘घेतलीत का’ असंही आपण म्हणतो. पण पहिल्या पाठात एकच रूप ठेवलेलं बरं.)

आता या वाक्यात अवघड काय आहे ते आधी बघू. संहिता तिथूनच ठरते. हिंदीत ‘क्या’ वाक्याच्या सुरुवातीलाही येतं. ती सवय घेऊन परिचारिकेनं ‘का’ पुढे सरकवला, तर वाक्य होतं, ‘तुम्ही गोळी का घेतली?’ म्हणजे हिंदीतलं ‘क्यों ली?’ विचारायचं होतं घेतली की नाही, आणि रुग्णाला वाटलं आपण काहीतरी चूक केली. एखादे आजोबा गोंधळून ‘घेतली नाही’ म्हणून मोकळे होतील, आणि गोळी दुसऱ्यांदा दिली जाईल. दुसरी अडचण ‘गोळी’तला ‘ळ’. आणि तिसरी अशी, की हिंदीत ‘आपने’ म्हणण्याची सवय असल्यामुळे तोंडात ‘तुम्हीने’ येतं.

आता हे वाक्य शिकवायचं कसं? बहुतेक संहितांमध्ये पूर्ण वाक्य तीनदा म्हटलेलं असतं. पण नवख्या कानाला लांब वाक्याचं टोक सापडत नाही, मधेच धागा तुटतो. म्हणून वाक्य शेवटाकडून बांधत आणायची एक जुनी पद्धत आहे. ती अशी :

का?
घेतली का?
गोळी घेतली का?
जेवणानंतर गोळी घेतली का?
तुम्ही जेवणानंतर गोळी घेतली का?

हे उलट्या बाजूनं का करायचं? एक तर प्रश्नाचा सूर वाक्याच्या शेवटी वर चढतो. शेवटाकडून बांधलं की प्रत्येक पायरीवर तो सूर जागच्या जागी राहतो. सुरुवातीकडून बांधलं तर ‘तुम्ही जेवणानंतर’ हा तुकडा अर्धवट, लोंबकळता राहतो. दुसरं म्हणजे ‘घेतली का’ ही जोडी सुरुवातीलाच पक्की होते, त्यामुळे ‘का’ इकडेतिकडे सरकत नाही. आणि ‘तुम्ही’ सगळ्यात शेवटी येतं, तेव्हा बाकीचं वाक्य जिभेवर बसलेलं असतं. सगळं लक्ष त्या एका शब्दावर, ‘ने’ न लावण्यावर, देता येतं.

आता पडद्याकडे वळू. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत. ही सोयही आहे आणि अडचणही. मराठी अक्षरं आवाजाच्या आधी दिसली, की हिंदी भाषक ती आपल्या उच्चारानं वाचून मोकळा होतो. ‘गोळी’ची ‘गोली’ तिथेच होते. म्हणून क्रम असा ठेवायचा : आधी आवाज, मग शिकणाऱ्याचं बोलणं, आणि सगळ्यात शेवटी मराठी अक्षरं. दोन्ही भाषांच्या जागाही ठरलेल्या असाव्यात. हिंदी नेहमी वर पांढऱ्या रंगात, मराठी नेहमी खाली पिवळ्या रंगात. मधेच अदलाबदल झाली, तर कुठली ओळ कुठल्या भाषेतली हे ओळखण्यातच दोन सेकंद जातात.

भाषांतर करतानाही सांभाळावं लागतं. ‘तुम्ही’ दिसायला हिंदीतल्या ‘तुम’सारखं आहे. तसं लिहिलं तर परिचारिकेला वाटेल की वडीलधाऱ्या रुग्णाशी असं बोलणं बरं नाही, आणि ती अडखळेल. म्हणून पडद्यावर ‘आपने खाने के बाद गोली ली?’ असंच हवं. शब्दाला शब्द नको, त्या प्रसंगी हिंदीत माणूस जे बोलेल ते हवं. आणि मराठी ओळ जशी बोलतो तशी लिहायची. आवाजात ‘औषध घेतलं’ आणि पडद्यावर ‘औषध घेतले’ असं झालं, की शिकणारा कानापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवतो.

आता विराम. विराम दोन प्रकारचे असतात आणि संहितेत ते वेगळे लिहावे लागतात. पहिला नुसतं मागून म्हणण्याचा. आपलं वाक्य सावकाश म्हणायला साधारण तीन सेकंद लागतात. नवखा माणूस त्याच्या दीडपट वेळ घेतो असं धरून साडेचार सेकंद द्यायचे. दुसरा विराम आठवून बोलण्याचा. तिथे फक्त हिंदी वाक्य दिसतं, मराठी त्याला स्वतःच शोधायचं असतं. त्याला आणखी दोन-तीन सेकंद द्यावे लागतात, म्हणजे सात. शिवाय हिंदी ओळ वाचून होईपर्यंतचा वेळ वेगळा धरायचा. हे आकडे कामापुरते आहेत, प्रत्येक वाक्य घड्याळ लावून म्हणून बघावं.

संहितेत हा तुकडा असा दिसेल :

पडदा, वर : आपने खाने के बाद गोली ली? (२ सेकंद)
विराम, पट्टी हळूहळू आखडते (७ सेकंद)
आवाज : तुम्ही जेवणानंतर गोळी घेतली का? (३ सेकंद)
विराम, पुन्हा म्हणण्यासाठी (४.५ सेकंद)
आवाज तेच वाक्य पुन्हा. पडदा, खाली : मराठी वाक्य

ती आखडणारी पट्टी कशासाठी? सात सेकंदांची निव्वळ शांतता आली, की माणसाला वाटतं फोन अडकला. तो बोट लावतो, व्हिडिओ पुढे जातो आणि विराम वाया जातो. त्याच कारणासाठी विरामात आवाज पूर्ण कापू नये. ध्वनिमुद्रण केलं त्या खोलीची रिकामी, बारीक गुणगुण वेगळी मुद्रित करून तिथे भरावी.

उत्तर दोनदा का? तर व्हिडिओला शिकणाऱ्याचं ऐकू येत नाही. ‘तुमचा ळ चुकला’ असं तो सांगू शकत नाही. ही या माध्यमाची मर्यादाच आहे. म्हणून पहिलं उत्तर ऐकून तिनं स्वतः फरक टिपायचा, लगेच पुन्हा म्हणायचं, आणि दुसऱ्या उत्तराशी पुन्हा ताडून बघायचं.

आता प्रश्न उरतो पुनरावृत्तीचा. एकच वाक्य लागोपाठ दहादा म्हटलं तर? तिसऱ्या वेळेनंतर तोंड बोलत असतं आणि डोकं दुसरीकडे असतं. पॉल पिम्सलर या अमेरिकी भाषातज्ज्ञानं १९६७ साली यासाठी वाढत्या अंतरांचं एक वेळापत्रक मांडलं. पहिल्यांदा पाच सेकंदांनी विचारा, मग पंचवीस सेकंदांनी, मग दोन मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी, मग तासानं, आणि पुढे दिवस-महिन्यांपर्यंत. प्रत्येक अंतर आधीच्या साधारण पाचपट. कल्पना अशी, की आठवण पुसट होत असते, पण पुरती गेलेली नसते, तेव्हा ती ओढून वर काढली की ती जास्त टिकते. सेकंदाला सेकंद मोजायची गरज नाही, त्यातलं प्रमाण घ्यायचं.

सोळा मिनिटांच्या पाठात आपलं वाक्य मग असं बसतं. दुसऱ्या मिनिटाला ते बांधून पूर्ण झालं. २:०५ ला पहिल्यांदा आठवायचं, २:३० ला दुसऱ्यांदा, ४:३० ला तिसऱ्यांदा आणि १४:३० ला चौथ्यांदा. मधल्या जागांत ‘कुठे दुखतंय?’ यासारखी दुसरी वाक्यं त्यांच्या-त्यांच्या अंतरानं येतात. म्हणजे संहिता लिहिणं हे बरंचसं रेल्वेचं वेळापत्रक लावण्यासारखं काम आहे.

पण चारही वेळा तेच विचारायचं नाही. ४:३० च्या आधी ‘औषध घेतलं’ हा तुकडा शिकवून ठेवायचा आणि मग गोळीच्या जागी औषध आणायचं : ‘तुम्ही जेवणानंतर औषध घेतलं का?’ हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे पोपटपंची इथे लगेच उघडी पडते. वाक्य नुसतं पाठ असेल तर ‘औषध घेतली का’ येतं. आणि १४:३० ला हिंदी भाषांतर काढून टाकायचं. पडद्यावर फक्त चित्र : खाटेवर बसलेले आजोबा, रिकामं ताट, शेजारी गोळ्यांचं पाकीट. रुग्णालयात तिच्यासमोर हेच असणार आहे, भाषांतर नसणार.

एक गोष्ट बऱ्याच संहिता विसरतात. प्रश्न विचारला की उत्तर येतं. ‘हो, घेतली.’ ‘नाही, विसरले.’ ‘उपाशीपोटीच घेतली.’ ही वाक्यं परिचारिकेला बोलायची नाहीत, फक्त समजायची आहेत. म्हणून इथे विराम वेगळा : उत्तर ऐकवायचं, पडद्यावर दोन हिंदी अर्थ दाखवायचे, ‘खाली पेट ली’ आणि ‘खाने के बाद ली’, आणि चार सेकंदांत तिला निवडू द्यायचं. ‘उपाशीपोटी’ कळलं नाही, तर प्रश्न कितीही शुद्ध विचारला तरी उपयोग नाही.

संहिता जमली की नाही, हे ओळखायच्या दोन साध्या चाचण्या आहेत. पहिली, व्हिडिओ आवाज बंद करून बघा. शेवटपर्यंत सगळं वाचून कळत असेल आणि प्रत्येक वाक्य वेळेवर म्हणता येत असेल, तर कानाचं काम डोळे करताहेत, मराठी अक्षरं फार लवकर येताहेत. दुसरी, खरोखर नवख्या माणसाला पाठ लावून द्या आणि त्याची परवानगी घेऊन त्याचा आवाज मुद्रित करा. त्याचं वाक्य निवेदकाच्या उत्तराआधी पूर्ण होत असेल तर विराम बरोबर आहे. निवेदकाच्या आवाजावर चढत असेल तर विराम तोकडा आहे. आणि तो उत्तर येईपर्यंत गप्प राहून मग म्हणत असेल, तर दोष विरामात नाही. वाक्य नीट बांधून होण्याआधीच आठवायला सांगितलंय. तिथे सेकंद वाढवून उपयोग नाही, मागे जाऊन ‘घेतली का?’पासून पुन्हा सुरुवात करावी लागते.