विश्लेषण : विमा वाढला, तरी आजारपणाचा खर्च खिशातूनच का जातो?

भारतात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांची ही आकडेवारी सरकार अभिमानाने सांगते. मात्र मधुमेहाच्या गोळ्या दर महिन्याला विकत घेणाऱ्या घराला हा दिलासा जाणवतोच असे नाही. याचे उत्तर खर्च कसा मोजला जातो आणि विमा नेमके कशाचे पैसे देतो, यात आहे.

खिशातून होणारा खर्च म्हणजे काय?

डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या आणि रुग्णालयाचे बिल यासाठी उपचार घेताना कुटुंब स्वतः जे पैसे मोजते, तो हा खर्च. विम्याचा हप्ता आधीच भरलेला असतो, म्हणून तो यात धरत नाहीत. विमा कंपनीने परत दिलेली रक्कमही वजा होते. आजारपणात बुडालेली मजुरी यात मोजली जात नाही. पैसे बचतीतून आले, दागिने गहाण ठेवून आले की सावकाराकडून, हेही या आकड्यात दिसत नाही.

खर्च ‘आपत्तीजनक’ कधी ठरतो?

याची कसोटी रक्कम किती मोठी यावर नसते, ती त्या घराला किती जड गेली यावर असते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये अनेक वर्षे वापरलेली व्याख्या सोपी होती : कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक पैसे आरोग्यावर गेले, तर तो आपत्तीजनक खर्च. २५ टक्क्यांची आणखी एक कडक मर्यादाही होती.

उदाहरणाने पाहू. समजा, एका कुटुंबाचा महिन्याचा एकूण खर्च २० हजार रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार रुपये आहे. घरात आईला मधुमेह आणि वडिलांना रक्तदाब आहे. दोघांच्या गोळ्यांना महिना १,८०० रुपये लागतात. तपासण्या आणि डॉक्टरांची फी यांची महिन्याची सरासरी ५०० रुपये पडते. वर्षाचा हिशेब होतो २७,६०० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या साडेअकरा टक्के. रुग्णालयाची पायरी एकदाही न चढता हे घर आपत्तीजनक खर्चाच्या रेषेपलीकडे गेले.

दुसरे कुटुंब महिन्याला ६० हजार रुपये खर्च करते. शस्त्रक्रियेत विम्याने न दिलेले ५० हजार रुपये त्यांनी स्वतः भरले. रक्कम पहिल्या घराच्या जवळपास दुप्पट आहे, पण वर्षाच्या ७ लाख २० हजारांत तिचा वाटा सातच टक्के. हे घर रेषेच्या आत राहिले.

मग विम्याने पहिल्या घराला का वाचवले नाही?

आयुष्मान भारत - प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी योजना होती; तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ मध्ये राज्याने तिची मर्यादा दीड लाखांवरून ५ लाख रुपयांवर नेण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय घेतला.

मात्र या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या, यादीतल्या उपचारांसाठी आहेत. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च धरला जातो. सोळाव्या दिवसापासूनच्या गोळ्या पुन्हा कुटुंबाच्या खात्यावर. ज्याला दाखल व्हावेच लागत नाही, त्याच्या नेहमीच्या औषधांचा तर प्रश्नच येत नाही. भारतात खिशातून जाणाऱ्या पैशांत सर्वात मोठा भाग औषधांचा आहे. म्हणजे जिथे पैसा सर्वाधिक झिरपतो, तिथे हे कार्ड पोहोचत नाही. कार्डाचे मोल आहे ते एखाद्या हृदयशस्त्रक्रियेसारख्या एकदम अंगावर येणाऱ्या बिलात.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सर्व मोफत आहे. पहिल्या घरासाठी हा निर्णय विम्यापेक्षा जवळचा. पण तो उपयोगी पडायचा तर गोळ्या त्या खिडकीवर दर महिन्याला हव्यात. ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली, की मोफत उपचारांचा खर्च पुन्हा खिशात येतो.

आकडा फसवा कसा ठरू शकतो?

तिसरे कुटुंब घ्या. महिन्याचा खर्च ९ हजार रुपये. आजीचा गुडघा दुखतो आणि रक्तदाबाच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद केल्या आहेत. आरोग्यावरचा खर्च शून्य, त्यामुळे हे घर ‘सुरक्षित’ गटात मोजले जाते. म्हणून सार्वत्रिक आरोग्य संरक्षण तपासताना दोन निर्देशक शेजारी ठेवतात : लोकांना सेवा किती मिळाल्या आणि त्यासाठी किती मोजावे लागले. पहिल्याशिवाय दुसरा वाचला, तर उपचार टाळणेही प्रगती वाटू लागते.

१० टक्क्यांच्या कसोटीतली आणखी एक उणीव अशी, की सुखवस्तू घराने आवडीच्या रुग्णालयात खर्च केला तरी ते यादीत येते. म्हणून २०२५ मध्ये व्याख्या बदलली. आता आधी मूलभूत गरजांची ठराविक रक्कम वजा करतात आणि उरलेल्या पैशांच्या ४० टक्क्यांहून अधिक आरोग्यावर गेले का, ते पाहतात. पहिल्या घराच्या गरजा १५,५०० रुपयांच्या धरल्या, तर उरतात ४,५००. त्यांपैकी २,३०० म्हणजे निम्म्याहून जास्त औषधपाण्यावर जातात. ज्या घराकडे गरजा भागवून काही उरतच नाही, तिथे खिशातून गेलेला एक रुपयाही मोजला जातो.

देशाचा ३९.४ टक्के हा आकडा तर वाटा आहे. सरकारी खर्च वाढला की कुटुंबांची रक्कम कमी न होताही वाटा घटतो. २०२१-२२ हे तर करोना लसीकरणाचे वर्ष होते. त्या वर्षी लोकांच्या खिशातून सुमारे ३ लाख ५६ हजार कोटी रुपये गेले.

दुसरीकडे हे कसे जमले?

थायलंडने २००२ मध्ये ‘३० बाथ’ योजना देशभर नेली. तिच्यात दाखल न होता घेतलेले उपचार आणि औषधे सुरुवातीपासून होती. योजनेतील प्रत्येक सदस्याची नोंद जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या जाळ्यात झाली आणि त्या जाळ्याला माणशी ठराविक रक्कम करांतून मिळू लागली. त्याआधी खिशातून होणारा खर्च एकूण खर्चाच्या सुमारे एक तृतीयांश होता. पुढे तो एक दशांशाच्या आसपास आला. यासाठी गावपातळीवरचे दवाखाने आणि तिथले मनुष्यबळ त्यांनी आधीच्या दोन-तीन दशकांत उभे केले होते. भारताच्या २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

त्यामुळे यापुढे ‘आरोग्य खर्च घटला’ अशी बातमी आली, तर तीन गोष्टी पाहाव्यात : घटला तो वाटा की रक्कम, त्याच काळात उपचार घेणारे वाढले की कमी झाले, आणि दाखल न होणाऱ्या रुग्णाच्या औषधांचे पैसे कोणी दिले.